शांततेत तापणारा प्रोसेसर: ऑडिओ प्रोग्रॅमिंगमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कजवळच्या आमच्या छोट्या ऑफिसात आम्ही रेकॉर्डिंगसाठी फिल्टर आणि रिव्हर्ब लिहितो. नवीन मुलं आली की मी त्यांना आधी ही तक्रार सांगतो, कारण कॉलेजात फ्लोटिंग पॉइंट शिकूनही ती बहुतेकांना सुटत नाही. महाल भागातले एक भजनाचं रेकॉर्डिंग करणारे काका फोनवर म्हणाले होते, "गाणं चालू असताना सगळं बरोबर चालते. गाणं संपलं, की दोन सेकंदांनी लॅपटॉपचा पंखा बोंबलते!"

आवाजच नाही, तर काम वाढलं कशानं? आधी हे चालवून बघा:

```python
y = 1.0
for i in range(20000):
    y = 0.9 * y
print(y)   # 2.5e-323
```

प्रत्येक फेरीला दहा टक्के घट होत असूनही शेवटी शून्य येत नाही. डबलमध्ये साधारण 2.2×10⁻³⁰⁸ पर्यंतच्या संख्या नॉर्मल असतात. त्याखाली घातांक आणखी कमी करता येत नाही, म्हणून सुरुवातीचा १ चा बिट सोडून द्यावा लागतो आणि उरलेल्या बिटांवर भागवावं लागतं. या सबनॉर्मल संख्या. त्या सगळ्या एकाच पायरीच्या पटीत असतात, आणि ती पायरी म्हणजे 2⁻¹⁰⁷⁴, सुमारे 4.9×10⁻³²⁴. आपलं y उतरत उतरत ५ पायऱ्यांवर येतं. पाचाला 0.9 ने गुणलं की साडेचार, पण बायनरीत साठवलेलं 0.9 खऱ्या 0.9 पेक्षा केसभर मोठं असतं. त्यामुळे उत्तर साडेचाराच्या किंचित वर जातं आणि राउंड होऊन पुन्हा ५. तिथून ते कधीच हलत नाही.

काकांच्या फिल्टरमध्ये हेच घडत होतं, फक्त फ्लोटमध्ये आणि 0.999 या गुणकासह: गाणं संपल्यावरही फिल्टर आपली साठवलेली किंमत दर सॅम्पलला त्या गुणकाने गुणत राहतो. फ्लोटची नॉर्मल हद्द 1.18×10⁻³⁸ आणि सर्वांत लहान पायरी 1.4×10⁻⁴⁵. एका गुणाकारात अर्ध्या पायरीपेक्षा जास्त घट झाली नाही तर संख्या जागची हलत नाही, म्हणून 0.999 असलेला फिल्टर सुमारे ५०० पायऱ्यांवर अडकतो. 1.0 पासून सबनॉर्मलमध्ये शिरायला साधारण ८७ हजार सॅम्पल लागतात. सेकंदाला 44,100 सॅम्पल धरले तर जवळपास २ सेकंद. काकांचं निरीक्षण अगदी अचूक होतं.

पुढचं दुखणं हार्डवेअरचं. काही इंटेल प्रोसेसरांवर असा एक गुणाकार मायक्रोकोडकडे जातो आणि शंभराहून जास्त क्लॉक सायकल खातो. सगळ्या प्रोसेसरांवर इतका फटका बसत नाही, म्हणून "माझ्या मशीनवर तर होत नाही" या वाक्यावर विसंबू नका. चाचणीही माइक चालू ठेवून करू नका. मे महिन्यात कूलरच्या घरघरीत माइक कधी खरं शून्य देतच नाही, आणि तेवढ्या आवाजावर फिल्टर नॉर्मल हद्दीतच राहतो. इनपुटला शुद्ध शून्य द्या, दहा सेकंद थांबा, आणि मग सीपीयूचा आकडा बघा.

इंटरनेटवर मिळणारा उपाय बहुधा हाच असतो:

```c
_mm_setcsr(_mm_getcsr() | 0x8040);
```

0x8000 मुळे सबनॉर्मल उत्तराच्या जागी शून्य येतं, 0x0040 मुळे सबनॉर्मल इनपुट शून्य धरलं जातं. ऑडिओसाठी हे योग्यच आहे. पण हे बिट लावताना आपण काय गमावतो, ते माहीत हवं.

फ्लोटमध्ये x = 1.5×2⁻¹²⁶ आणि y = 2⁻¹²⁶ घ्या. दोन्ही नॉर्मल, दोन्ही वेगळ्या. वजाबाकी 2⁻¹²⁷, म्हणजे सबनॉर्मल, आणि ती तंतोतंत अचूक असते. 1/(x−y) केलं की 2¹²⁷ मिळतं. 0x8000 चा बिट लावला की x−y शून्य होतं आणि भागाकार इन्फिनिटी. `if (x != y)` ही तपासणी तिथे काहीही वाचवत नाही. फ्लोटिंग पॉइंटच्या 1985 च्या आयईईई 754 मानकात ग्रॅज्युअल अंडरफ्लो, म्हणजे सबनॉर्मल संख्यांची सोय, आली, आणि त्या मानकाचे प्रमुख शिल्पकार विल्यम काहान यांनी त्यासाठी आग्रह धरला, त्यामागे ही हमी मोठं कारण होतं: दोन संख्या वेगळ्या असतील, तर त्यांची वजाबाकी शून्य येणार नाही. बेरीज-वजाबाकीचं उत्तर सबनॉर्मल आलं तर त्यात काहीच हरवत नाही. बिट हरवतात ते गुणाकार-भागाकारात.

म्हणून आमच्याकडे नियम असा, की ते बिट फक्त ऑडिओ थ्रेडच्या कॉलबॅकमध्ये शिरताना लावायचे आणि बाहेर पडताना जुनी किंमत परत ठेवायची. सेटिंग प्रत्येक थ्रेडची वेगळी असते, त्यामुळे मुख्य थ्रेडमध्ये लावून आधीच चालू असलेल्या ऑडिओ थ्रेडला काहीच फायदा होत नाही. आणि तोच थ्रेड आपण होस्ट प्रोग्रॅमकडून उसना घेतलेला असतो, तेव्हा बिट तसेच सोडले तर दुसऱ्या कुणाच्या भागाकारात इन्फिनिटी उगवू शकते. जिथे सेटिंगला हात लावायची मुभाच नाही, तिथे फिल्टरची साठवलेली किंमत 10⁻¹⁵ च्या खाली गेली की आम्ही ती सरळ शून्य करतो. २४ बिटांच्या रेकॉर्डिंगची सर्वांत लहान पायरी 10⁻⁷ च्या आसपास असते, त्यामुळे कानाला त्यात काही फरक पडत नाही.