चवथीची माळ आणि दोन रेझिस्टर

चवथीच्या आदल्या संध्याकाळी डिचोलीच्या घरी माटोळीवरची एलईडी माळ लागेना. रेझिस्टरचा पाय गंजून तुटला होता. आमच्या पावसात हे नेहमीचंच. अडॅप्टर 12 व्होल्टचा, तीन पांढरे एलईडी मिळून 9 घेतात, उरले 3. प्रवाह 20 मिलिअँपिअर हवा, म्हणजे 3 ला 0.02 अँपिअरने भागून 150 ओहमचा रेझिस्टर. डब्यात सगळे 330 चे.

घाईत दोन एकामागोमाग जोडले. माळ लागली, पण मिणमिणती. एकसरीत रोध सरळ मिळवले जातात: 660 ओहम, प्रवाह जेमतेम साडेचार. मग तेच दोन शेजारी-शेजारी, दोन्ही टोकं जुळवून डाखले. आता प्रवाहाला दोन वाटा, म्हणून व्यस्तांची बेरीज:

```
1/R = 1/330 + 1/330 = 2/330
R = 165
```

प्रवाह 18 मिलिअँपिअर. एलईडीला थोडा कमीच, त्यामुळे सुरक्षित. मूर्ती बसायच्या आत लख्ख उजेड!

मल्टिमीटरवर 165 बघायचे असतील तर अडॅप्टर काढा आणि जोडीचं एक टोक सर्किटमधून सोडवा. नाहीतर बाकीच्या वाटाही समांतर धरल्या जातात आणि आकडा कमी दिसू शकतो.