जनुक-चाचणीचा अहवाल सहकाऱ्यांपुढे मांडण्याआधी

सादरीकरण वीस मिनिटांचं आहे, म्हणून औषध एकच घ्या: नैराश्यावरचं एस्सिटॅलोप्रॅम. ते मुख्यतः सीवायपी २सी१९ या एन्झाइममुळे मोडतं, आणि पुरावा सगळ्यात पक्का इथेच आहे. २०१८ च्या एका अभ्यासात सुमारे दोन हजार रुग्णांपैकी ज्यांच्यात हे एन्झाइम कामच करत नव्हतं, त्यांच्या रक्तात औषधाची पातळी सरासरी ३.३ पट होती. अशा रुग्णाला दुसरं औषध निवडा किंवा कमी डोसने सुरुवात करा, हा सल्ला या पुराव्यावर उभा आहे. तेवढं ठामपणे सांगा.

पुढची स्लाइड करताना हात आखडता घ्या. पातळी जास्त असली म्हणजे नैराश्य लवकर जातं असं नाही. जनुक-अहवालानुसार औषध निवडणं आणि नेहमीचे उपचार यांची तुलना करणाऱ्या २०१९ च्या 'गाइडेड' अभ्यासात मुख्य मोजमाप आठ आठवड्यांनंतर लक्षणांत झालेली घट हे होतं, आणि त्यात दोन्ही गटांत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. पूर्ण आराम पडलेले रुग्ण मात्र जनुक-अहवालाच्या गटात १५.३ टक्के, नेहमीच्या उपचारात १०.१ टक्के होते. जनुक-चाचणी विकणारा प्रतिनिधी हाच आकडा दाखवतो. तुम्ही दोन्ही दाखवा आणि कोणतं मोजमाप आधी ठरलेलं होतं, तेही सांगा. शिवाय कोणाच्या औषधाची निवड अहवालानुसार होते आहे हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना माहीत होतं. अशीच तुलना करणाऱ्या २०२२ च्या 'प्राइम केअर' अभ्यासात २४ आठवड्यांच्या एकूण काळात थोडा फायदा दिसला, पण चोविसाव्या आठवड्याला तो ठळक राहिला नाही.

आता एक रुग्ण रंगवून ठेवा; खरी फाइल उघडू नका. अहवालात सीवायपी २सी१९ सामान्य, एस्सिटॅलोप्रॅम हिरव्या, म्हणजे नेहमीसारखं वापरता येईल अशा, रकान्यात. १० मिलिग्रॅमवर तिला घाम फुटतो, दिवसभर झोप येते. औषधांची चिठ्ठी पाहिली तर आम्लपित्तासाठी रोज ओमेप्राझोल. ते हेच एन्झाइम अडवतं आणि एस्सिटॅलोप्रॅमची पातळी साधारण निम्म्याने वाढवू शकतं. जनुक सामान्यच आहे, तिचं शरीर सध्या मंद चयापचयाचं झालंय. अहवालात हे येत नाही, कारण प्रयोगशाळेला चिठ्ठी कोणी पाठवलेलीच नसते. इथे जरा थांबा, सहकाऱ्यांना ओमेप्राझोल स्वतः शोधू द्या. मग उपाय विचारा: आधी ओमेप्राझोलची गरज तपासणं, ईसीजीवर क्यूटी पाहणं, डोस कमी करणं. औषध बदलण्याची घाई नको.

सेरोटोनिन ट्रान्सपोर्टरच्या जनुकाबद्दल प्रश्न येईलच. एका वाक्यात निपटा: औषधनिवडीसाठी ते वापरण्याइतका पुरावा जनुकांनुसार औषध देण्याबाबत मार्गदर्शन करणाऱ्या सीपीआयसी या गटाच्या २०२३ च्या मार्गदर्शनात मानलेला नाही.

"मग चाचणी कधी करायची?" याचं उत्तर लिहून न्या. साध्या डोसवरही त्रास झालेला किंवा पुरेशा डोसवर उपयोग न झालेला रुग्ण. आणि हिरवा रकाना दिसला तरी "हे औषध लागू पडेल" हे वाक्य रुग्णाला बोलायचं नाही.