उत्तर येत होतं, तरी मार्क गेले: ओएमआरवर या चुका टाळा

नीटच्या निकालानंतर दरवर्षी कोणीतरी म्हणतंच, "सर, मशीननं चुकीचं तपासलं." मग आम्ही शीटची स्कॅन प्रत उघडून बसतो. मशीन सहसा बरोबर निघतं.

मागे एका विद्यार्थिनीला केमिस्ट्रीत अनपेक्षित कमी मार्क पडले. प्रश्नपत्रिकेवर तिनं उत्तरांना खुणा केल्या होत्या, म्हणून पत्ता लागला. ५२वा प्रश्न तिनं सोडला, पण ५३चं उत्तर ५२च्या ओळीत रंगवलं. तिथून ७०पर्यंतची १८ उत्तरं एकेक ओळ वर सरकली. नंतर ती बायोलॉजीच्या ९१व्या प्रश्नाकडे गेली, तिथं नंबर बघून सुरुवात केली आणि घोळ तिच्या लक्षातच आला नाही. अठराही उत्तरं बरोबर होती, म्हणजे ७२ मार्क. सरकलेल्या ओळींत योगायोगानं पाच जुळली, त्याचे २०, आणि तेरा चुकली, त्याचे उणे १३. हातात उरले ७. शीटवर जे रंगवलं होतं तेच मशीननं वाचलं होतं, त्यामुळे चॅलेंज करून उपयोग नव्हता. ती पोरगी तास-दीड तास रडत होती, आणि मला काही बोलता येईना.

तुमचंही असं झालंय का, हे बघायचं असेल तर पडलेला पट्टा एक ओळ खाली सरकवून उत्तरतालिकेशी ताडून बघा. ओळीनं उत्तरं जुळायला लागली की समजा.

माझ्या मुलांना मी एकच सवय लावतो: गोल रंगवण्याआधी शीटवरचा नंबर ओठात म्हणायचा, प्रश्नाचा नव्हे. आणि दर दहा प्रश्नांनी थांबून शेवटची ओळ बघायची. प्रश्न सोडला तर खूण प्रश्नपत्रिकेवरच करायची, शीटवर नाही.

"आधी सगळं सोडवतो, शेवटी एकदम रंगवतो" म्हणणाऱ्यांवर माझा राग आहे. एका गोलाला चार-पाच सेकंद धरले तरी १८० गोलांना बारा ते पंधरा मिनिटं लागतात. ती शेवटच्या घाईत काढली की ओळी सरकतात आणि गोल अर्धे राहतात.

अर्ध्या गोलाचं गणित वेगळं आहे. स्कॅनर गोलात किती काळेपणा आहे ते मोजतो. ठरलेल्या मर्यादेच्या खाली असेल तर तो गोल त्याच्या लेखी कोराच. टिंब, टिकमार्क, नुसती कड गिरवणं, सगळं यातच आलं. कधी दोष बाकाचा असतो. जुन्या बाकावर कोरलेल्या खाचेवर शीट आली की बॉलपेन तेवढ्या जागी उमटत नाही आणि मधे पांढरी रेघ राहते. म्हणून बसल्याबसल्या बाकावरून हात फिरवा आणि खाच टाळून शीट ठेवा. केंद्रावर मिळालेलं पेन रफ कामाच्या जागेत चालवून बघा, अडखळत असेल तर लगेच बदलून मागा.

खोडू नका. दोन गोल काळे दिसले की उत्तर चूक धरतात आणि एक मार्क कापतात.