मक्याच्या पोंग्याचा फोटो: लष्करी अळी अशी ओळखली

पेरणीनंतर 20 दिवसांनी मक्याच्या पानांवर पांढरे लांबट डाग दिसले. फोटो पाहून कुणी अन्नद्रव्याची कमतरता म्हणालं, कुणी खोडकिडा; आठवडा हकनाक गेला. फोटो भर उन्हात, उभ्यानेच काढला होता.

मग सकाळी अंगाची सावली धरून, वीतभरावरून पोंग्याच्या आत फोकस केला. दुसरा फोटो डागाचं पान उजेडाकडे धरून. हिरवा भाग खरवडलेला, पातळ पापुद्रा मात्र शाबूत, खिडकीच्या काचेसारखा. म्हणजे कमतरता नव्हे. पोंग्यात ओल्या लाकडी भुशासारखी विष्ठा साचलेली. खोडकिडाही पान खरवडतो, म्हणून पोंगा उलगडून अळीच पाहिली: डोक्यावर उलट्या वाय अक्षराची खूण, शेपटीजवळ चौकोनात चार काळे ठिपके. लष्करी अळीच.