बंद पडलेलं हार्डवेअर दुकानाचं पेज: पहिली पोस्ट आणि पहिला महिना

लहान दुकानांची फेसबुक पेजं सांभाळण्याच्या कामात नव्या माणसाच्या वाट्याला बहुधा बंद पडलेलं पेज येतं. चालतं पेज कुणी नवख्याच्या हाती देत नाही. मालकांना मात्र उद्यापासून पोस्टी हव्या असतात. इथे मी एका हार्डवेअर दुकानाच्या पेजाचं काम कसं केलं ते सांगतो. दुकान दोन पिढ्यांचं, गिऱ्हाईक बांधलेलं. पेजावरची शेवटची पोस्ट मात्र काही वर्षांपूर्वीच्या नववर्षाच्या शुभेच्छांची होती.

पोस्ट लिहिण्याआधी पेज कुणाच्या ताब्यात आहे ते बघा. इथे ते मालकांच्या भाच्याने काढलेलं होतं आणि तो केव्हाच दुसरीकडे नोकरीला गेला होता. त्याच्याकडून मालकांच्या खात्याला पूर्ण अधिकार देववले आणि मग मला फक्त पोस्टी आणि मेसेजपुरते. उलटं करू नका. पूर्ण अधिकार तुमच्या एकट्याकडे राहिले, तर तुम्ही काम सोडल्यावर पेज पुन्हा अडकणार. जुन्या दुकानाच्या नावाने दुसरं एखादं पेज आहे का, तेही शोधा. लोक 'इथे आलो' अशी नोंद करतात, त्यातून फेसबुक आपोआप पेज तयार करतं आणि त्यावर जुना फोन नंबर तसाच पडून असतो.

वेळ, पत्ता, नंबर दुरुस्त करायला फार वेळ लागत नाही. फक्त नंबर स्वतः फिरवून बघा. जुन्या सवलतींच्या पोस्टी आणि दरपत्रकं लपवा, पण जुने फोटो काढू नका. त्यांच्याखाली 'माझ्या घराची सगळी बिजागरी इथूनच' अशा प्रतिक्रिया असतात, त्या पुन्हा मिळत नाहीत.

खरा माल असतो इनबॉक्समध्ये. वर्षानुवर्षं कुणी उघडलेलाच नसतो. अलीकडच्या मेसेजांना उत्तर द्या. फार जुन्यांना आता उत्तर देण्यात अर्थ नाही, पण ते सगळे वाचा. मला त्यांचे तीन ढीग करता आले: दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं, अमुक वस्तू आहे का, आणि माझ्याकडे जे आहे त्याला हे बसेल का. पहिला ढीग वेळ नीट लिहिली की संपतो. दुसऱ्याला काउंटरवरचा माणूस उत्तर देतो. तिसऱ्या ढिगातून पहिल्या महिन्याच्या जवळपास सगळ्या पोस्टी निघतात.

आता पुनर्परिचयाची पोस्ट. मालकांच्या मनातला मजकूर असा होता: 'आम्ही पुन्हा येत आहोत! सर्व नामांकित कंपन्यांचा माल एकाच छताखाली!' सोबत लोगो. यातली अडचण साधी आहे. दुकान एक दिवसही बंद नव्हतं, त्यामुळे 'पुन्हा येत आहोत' वाचून लोक विचारतात, 'का हो, बंद झालं होतं का?' पेज गप्प होतं याची दखल वाचणाऱ्याने घेतलेलीच नसते, म्हणून त्याची माफी मागायचीही गरज नाही. आणि कंपन्यांची यादी दुकानाच्या पाटीवर असतेच.

मी मालकांना विचारलं, "काका, नवीन माणूस काउंटरवर आला की त्याला आधी काय दाखवता?" ते म्हणाले, "काही नाही. तो खिशातून तुटका तुकडा काढतो, मी त्याच्या जोडीचा देतो." पोस्ट इथेच मिळाली. शेवटी गेलेला मजकूर हा:

'या भिंतीतल्या कोणत्या खणात काय आहे, हे आमच्या काउंटरवरच्या काकांना न बघता सांगता येतं. दुकान तेच, जागा तीच. मधल्या काळात चावी बनवायचं मशीन आलं आणि रंग हव्या त्या छटेत मिसळून मिळू लागला. सुटा एक नट मागितला तर आजही एकच मिळतो.

घरातला एखादा भाग तुटलाय आणि त्याचं नाव माहीत नाही? शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा आणि इथे मेसेज करा. दुकान उघडं असेल त्या दिवशी, त्याच दिवशी उत्तर देऊ. आमच्याकडे नसेल तर तसं सांगू.'

फोटो खणांच्या भिंतीचा, समोर काका, हातात एक नळ. पोस्टीच्या पहिल्या दोन-तीन ओळीच 'आणखी पाहा'च्या वर दिसतात, म्हणून दुकानाचं नाव आणि स्थापनेचं वर्ष तिथे खर्च केलं नाही. नाव पेजावर असतंच. जुनेपणा सांगायचा तर खणांच्या भिंतीने सांगावा. मोजपट्टीची अट शोभेची नाही. नुसत्या फोटोत अर्ध्या इंचाचा आणि पाऊण इंचाचा नळ सारखाच दिसतो, आणि अंदाजाने दिलेलं उत्तर चुकलं की माणूस फेरी मारून चिडतो. 'त्याच दिवशी' हे वचन देण्याआधी उत्तर देणाऱ्या माणसाचं नाव ठरवा. इथे काकांचा पुतण्या दुपारी गर्दी ओसरल्यावर आणि संध्याकाळी दुकान आवरण्याआधी, अशी दोनदा मेसेज बघायचा.

ही पोस्ट सगळ्यात आधी टाकू नका, हे माझं ठाम मत. तिच्याआधीच्या आठवड्यात दोन साध्या कामाच्या पोस्टी टाका. पुनर्परिचय वाचून जो पेजावर येईल त्याला खाली चालू दुकान दिसलं पाहिजे, मागच्या शुभेच्छा नकोत. मग परिचयाची पोस्ट पेजाच्या वरच्या टोकाला पिन करा. पहिल्या दिवशी नातेवाईक आणि जुनी गिऱ्हाइकं येतील, बाकी शांतता. फार दिवस गप्प असलेल्या पेजाच्या पोस्टी फेसबुक सुरुवातीला मोजक्याच लोकांना दाखवतं. मालक या टप्प्यावर पैसे भरून पोस्ट पसरवायला सांगतात. थांबवा. लोक आले तरी खाली बघण्यासारखं अजून फारसं काही नसतं.

महिन्याचं वेळापत्रक म्हणजे आठवड्याला दोन पोस्टी आणि काउंटरवर एक वही. कुणी 'हे बसेल का' विचारलं की पुतण्याने एका ओळीत लिहायचं. रोज पोस्ट टाकायचा बेत हार्डवेअरच्या दुकानात टिकत नाही. सकाळी मिस्त्री आणि प्लंबरांची रांग असताना फोटो कोण काढणार?

वहीत सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न नळाच्या मापाचा होता, म्हणून पहिल्या आठवड्याची मुख्य पोस्ट त्यावर. माणूस घरी नळाचे आटे पट्टीने मोजतो, 21 मिलिमीटर भरतात. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर आणि पाऊण इंच म्हणजे 19, एवढं त्याला ठाऊक असतं. म्हणून तो 'पाऊण इंची द्या' म्हणतो, घेऊन जातो, आणि ते बसत नाही, कारण त्याच्याकडे अर्ध्या इंचाचाच नळ असतो. प्लंबिंगमधलं इंचाचं माप मुळात पाइपच्या आतल्या पोकळीवरून पडलेलं आहे, आट्यांच्या बाहेरच्या व्यासावरून नाही. बाहेरून मोजलं तर अर्ध्या इंचाचे आटे सुमारे 21 मिलिमीटर, पाऊण इंचाचे सुमारे 26.5 आणि एक इंचाचे सुमारे 33 भरतात.

पोस्टीत एवढंच ठेवलं. एका फोटोत आट्यांना लावलेला व्हर्नियर कॅलिपर, आकडा स्पष्ट दिसेल असा. दुसऱ्यात तीन फिटिंग ओळीने, प्रत्येकापुढे कागदावर माप. मजकूर चार ओळींचा, आणि शेवटी मर्यादा: हँडशॉवर, मिक्सर किंवा पाण्याच्या फिल्टरचे जोड वेगळ्या आट्यांचे असू शकतात, तेव्हा तुकडा घेऊनच या. ही शेवटची ओळ गाळू नका. आकडा वाचून आलेला माणूस चुकीचा जोड घेऊन गेला तर तो पोस्टीला नाही, दुकानाला बोल लावेल.

पोस्ट लागू पडली का, हे लाइकवरून कळत नाही. या पोस्टीला लाइक कमीच होते. पण लोकांनी ती जपून ठेवली, एकमेकांना पाठवली, आणि इनबॉक्समध्ये पट्टी ठेवलेले फोटो यायला लागले. काउंटरवर कुणी 'एकवीसवाला' म्हणून मागितलं की पुतण्या वहीत रेघ ओढायचा. मालकांना दाखवायला त्या रेघा पुरतात.

दुसऱ्या आठवड्यात भिंतीत भोक पाडताना येणाऱ्या भुकटीवर छोटा व्हिडिओ केला, नुसते हात आणि आवाज. लाल भुकटी म्हणजे वीट, करडी आणि ड्रिल जड जात असेल तर काँक्रीट, पांढरी आणि ड्रिल सरकन आत गेलं तर प्लास्टर किंवा जिप्समचा बोर्ड. पांढऱ्यावर काका म्हणतात, "अजून थोडं आत जाऊन बघा, मागे काय लागतंय." मागे पोकळी लागली तर साधा प्लग धरत नाही, पोकळ भिंतीचा वेगळा घ्यावा लागतो. चेहरा दाखवायला काका लाजत होते. हातच दाखवायचे म्हटल्यावर तयार झाले.

तिसऱ्या आठवड्यात वाद येतो, आणि तो यावा. कुलपाच्या पोस्टीखाली एकाने लिहिलं, 'थोडं तेल सोडा, झालं.' दुसऱ्या कारागिराने खोडून काढलं: तेलाला धूळ चिकटते आणि आतल्या पिना अडकू लागतात, ग्रॅफाइटची कोरडी पूड बरी. अशा वेळी दुकानाने भांडणात पडू नये आणि गप्पही बसू नये. काकांना विचारलं, त्यांनी कारागिराची बाजू घेतली. तेच कारणासकट लिहून त्याचे आभार मानले आणि मूळ पोस्टीत ओळ वाढवली. मिस्त्री, सुतार, प्लंबर पेजावर बोलू लागले की घरगुती गिऱ्हाइकाचा विश्वास आपोआप बसतो.

एक कुंपण मात्र घाला. गॅसची जोडणी आणि घरातलं वायरिंग यांवर 'असं करा' म्हणून सांगू नका, मेसेजमध्येही नाही. वस्तू आहे की नाही तेवढं सांगा आणि परवानाधारक माणसाकडून काम करून घ्यायला सांगा.

चौथ्या आठवड्यात नवीन काही करू नका, वही आणि इनबॉक्स समोर घेऊन बसा. ज्या मेसेजांना दुसऱ्या दिवशी उत्तर गेलं, ते वेगळे काढा. आमच्याकडे ते बहुतेक शनिवारचे निघाले. पुतण्याला शनिवारी डोकं वर काढायला फुरसत नसायची. मग पिन केलेल्या पोस्टीतलं वचन बदललं: 'शनिवारी आलेल्या मेसेजला दुकान पुन्हा उघडेल त्या दिवशी उत्तर.' पैसे भरून पसरवायचंच असेल तर आता भरा, पण परिचयाच्या पोस्टीवर नको. नळाच्या मापाची पोस्ट घ्या, आणि लोक दुकानापर्यंत सहज येऊ शकतील तेवढ्याच अंतरात ती दाखवा.