पत्रावळ, सुपारीची ताटं, केळीचं पान: पंगतीआधी या चुका टाळा

गेल्या श्रावणात आमच्याकडे सत्यनारायण होता. साठ माणसांसाठी सुपारीची ताटं दहा दिवस आधीच आणून, प्लास्टिकच्या वेष्टणासकट माळ्यावर ठेवली होती. पूजेच्या सकाळी उघडली तर कुबट वास आला आणि बावीस ताटांवर काळे-हिरवट ठिपके होते. पावसाळी हवेत ही ताटं ओल धरतात आणि बंद प्लास्टिकमध्ये ती ओल बाहेर पडत नाही.

प्रत्येक डाग मात्र बुरशीचा नसतो. पोफळीच्या, म्हणजे सुपारीच्या झाडाच्या, पानाच्या तपकिरी रेषा लांबट असतात, शिरांच्या दिशेने जातात आणि पुसल्या तरी जात नाहीत. बुरशीचे ठिपके गोलसर असतात. ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसले की फडक्याला रंग लागतो. अशी ताटं धुऊन उन्हात ठेवायची चूक बरेच जण करतात. वरची बुरशी निघते, पण ती आत किती मुरली आहे ते दिसत नाही आणि तिची विषारी द्रव्यं उन्हाने जातीलच असं नाही. आम्ही ती बावीस ताटं खतात टाकली आणि बाजारातून केळीची पानं आणली.

सुपारीच्या ताटाबद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. 2025 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ही ताटं अन्नासाठी वापरू नयेत असं कळवलं, कारण पोफळीतली अरेकोलीनसारखी अपायकारक द्रव्यं ताटातून अन्नात उतरू शकतात. हे वाचल्यापासून मी त्यात गरम, पातळ, आंबट पदार्थ वाढत नाही आणि लहान मुलांना तर ती ताटं देतच नाही. कोरडा खाऊ ठेवायला माझ्या मते केळीचं पान किंवा पळसाची पत्रावळ बरी.

केळीच्या पानावर गरम भात पडला की पान काळपट होतं. त्याने घाबरू नका, तो उष्णतेने बदललेला पानाचा रंग आहे. चूक होते ती धुण्यात. पानं आदल्या रात्री धुऊन ओलीच एकावर एक रचली की सकाळी बुळबुळीत होतात. वाढण्याच्या तास-दीड तास आधी धुवा. मागची बाजू, विशेषतः मधल्या शिरेजवळची माती बोटांनी काढा आणि कोरड्या फडक्याने पुसा.

पळसाची पत्रावळ घेताना जोड तपासा. बांबूच्या चोयांनी टाचलेली असेल तर टोकं वर आलेली नाहीत ना, ते हात फिरवून पाहा. स्टेपलरच्या पिना असतील तर घेऊच नका, पिन भातात जाते. द्रोण आतून चकचकीत दिसला तर कोपरा नखाने सोलून बघा. पातळ पापुद्रा सुटला तर आत प्लास्टिक आहे आणि त्यात उकळती आमटी ओतू नये. साध्या पत्रावळीतून आमटी गळते म्हणूनच भाताला आळं करून त्यात वाढायची पद्धत आहे.