नवा भागीदार येण्याआधी: डीडचा सारांश तयार करताना

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या एका पेढीत तिसरा भागीदार येतोय असं धरू. त्याच्यासाठी डीडचा, म्हणजे भागीदारीच्या करारपत्राचा, सारांश लिहायला बसताना मूळ डीड, त्यानंतरची सगळी पुरवणी करारपत्रं, मागच्या वर्षाचा ताळेबंद आणि बँकेतल्या सह्यांच्या अधिकाराची प्रत जवळ ठेवा. पुरवणीत बदललेलं कलम जुन्याच आकड्यानं सारांशात उतरणं, ही नेहमीची चूक. म्हणून प्रत्येक वाक्यापुढे कलमाचा क्रमांक आणि तारीख टाका.

आधी भांडवल घ्या. समजा, जुन्यांचे 12 लाख आणि 8 लाख, नव्याचे 5 लाख. पैसे कोणत्या तारखेला जमा होणार आणि व्याज कधीपासून, हे स्पष्ट हवं. नफावाटणी 40, 35 आणि 25 टक्के. नवा माणूस 6 लाख नफ्याचे 25 टक्के म्हणजे दीड लाख मनात धरतो. पण डीडमध्ये भांडवलावर 12 टक्के व्याज असेल तर 3 लाख आधीच जातात. दोन्ही जुन्या भागीदारांना दरमहा 10 हजार मोबदला असेल, तर आणखी 2 लाख 40 हजार. उरले 60 हजार. त्यातले याचे 15 हजार, अधिक स्वतःचं व्याज 60 हजार, मिळून 75 हजार. अपेक्षेच्या निम्मे! हा हिशेब सारांशात मांडाच, नुसते टक्के लिहून भागत नाही. तोट्याचं प्रमाणही विचारा. डीडमध्ये प्रमाणच दिलं नसेल तर 1932 च्या भागीदारी कायद्याप्रमाणे नफा-तोटा समान वाटला जातो.

सहीचं कलम दोन भागांत लिहा: एकट्याच्या सहीनं काय चालतं आणि दोघांच्या सह्या कशाला लागतात. चेकची रकमेची मर्यादा, कर्ज, जामीन हे सगळं त्यात यावं. इथे एक गोष्ट नव्या माणसाला समजावून सांगा. डीडमधलं बंधन बाहेरच्या व्यापाऱ्याला माहीत नसेल, तर एका भागीदारानं पेढीच्या नेहमीच्या धंद्यात केलेला सौदा सगळ्यांवर बंधनकारक ठरतो, आणि देणं वसूल करायला तो व्यापारी कोणाही एकाला पूर्ण रकमेसाठी धरू शकतो. त्यामुळे बँकेतला अधिकार डीडशी जुळतोय का, ते त्याच दिवशी तपासा.

निवृत्तीसाठी नोटिशीची मुदत, कोणत्या तारखेचा हिशेब, नावलौकिकाची किंमत कशी काढायची आणि पैसे किती हप्त्यांत, एवढं लिहा. हिशेब न मिटवता बाकीच्यांनी धंदा चालू ठेवला आणि करारात वेगळं ठरलेलं नसेल, तर गेलेल्याला आपल्या हिश्श्यावर 6 टक्के व्याज किंवा त्या हिश्श्यामुळे झालेला नफा, यांपैकी हवं ते निवडता येतं. शिवाय पेढी नोंदणीकृत असेल तर निबंधकाकडे सूचना, राजपत्रात आणि स्थानिक भाषेतल्या एका वर्तमानपत्रात जाहिरात, हे तिन्ही होईपर्यंत बाहेरच्यांच्या लेखी तो भागीदारच राहू शकतो. हे काम कोण करणार आणि खर्च कोणाचा, ते सारांशात नावानिशी लिहा.